हाउसकीपिंगचा ट्रेनिंग रिपोर्ट : पुस्तकी थिअरी सोडून काय लिहू?

चौथा_मजला
नमस्कार मंडळी. मी हॉटेल मॅनेजमेंटला आहे. पुण्यातल्या एका बिझनेस हॉटेलात ट्रेनिंग नुकतंच संपलं आणि रिपोर्टसाठी माझ्या वाट्याला हाउसकीपिंग आलंय. सिनियर्सचे जुने रिपोर्ट मागून आणले, तर सगळ्यांत तेच ते. डिपार्टमेंटची व्याख्या, ऑर्गनायझेशन चार्ट, एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरची कर्तव्यं, केमिकल्सचा तक्ता, शेवटी आभार. मीही तसाच मसुदा केला, तर सरांनी वर लाल पेनने लिहून दिलं, "यात तू कुठे आहेस?"

माझ्याकडे रोजची डायरी आहे. कुठल्या खोलीत किती वाजता शिरलो, शेवटचं कधी बाहेर पडलो, पाहुणा निघून गेलेली चेकआउट होती की मुक्काम चालू असलेली स्टेओव्हर, आणि समासात बारीकसारीक नोंदी. याचं काय करता येईल? प्रकरणं कशी पाडू?

सेमिस्टर_सहा
भावा, टेन्शन घेऊ नको. टास्की ब्रँडच्या सफाई केमिकल्सचा आर-वन ते आर-नाईन तक्ता रंगीत छाप, युनिफॉर्ममधले फोटो टाक, बेड मेकिंगच्या पायऱ्या लिही. एक अटेंडंट शिफ्टला 16 खोल्या करते हे लिहायचंच, व्हायव्हात विचारतात. आणि हॉटेलबद्दल वाईट एक अक्षर नको, सर्टिफिकेट अडकतं. माझा असाच झाला, मार्कही बरे पडले.

चावीचा_जुडगा
मी या खात्यात फ्लोरवरून सुरुवात करून एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर म्हणून निवृत्त झाले, आणि पुढे काही वर्षं बाहेरची परीक्षक म्हणून असे रिपोर्ट वाचले. फोटोंचं पान मी तरी कधी थांबून पाहिलं नाही.

तुझ्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या डायरीतच आहे. चेकआउट आणि स्टेओव्हर वेगळे लिहिलेस, हे फार बरं केलंस. 16 खोल्या हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मला तीन गोष्टी कळव. चेकआउटच्या खोलीला सरासरी किती मिनिटं, स्टेओव्हरला किती, आणि तुमच्या मजल्यावर एका अटेंडंटला किती खोल्या द्यायचे?

चौथा_मजला
ताई, 14 खोल्या द्यायचे. चेकआउटला साधारण 40 मिनिटं, स्टेओव्हरला 22. शुक्रवारी मात्र चेकआउटची सरासरी 48 वर जाते. ते चुकीचं वाटलं म्हणून शुक्रवार काढून टाकायचा विचार होता.

चावीचा_जुडगा
शुक्रवार काढू नकोस. रिपोर्ट त्याच्याच भोवती उभा राहील.

आधी साध्या दिवसाचा हिशेब मांड. नऊ तासांची शिफ्ट म्हणजे 540 मिनिटं. जेवण-चहाचा तास वजा कर. सकाळचं ब्रीफिंग आणि ट्रॉली भरणं यांत अर्धा तास जातो, संध्याकाळी ट्रॉली लावून पँट्री आवरून चाव्या जमा करण्यात आणखी अर्धा. हाताशी उरली 420 मिनिटं. एरवी 14 पैकी समज सहा चेकआउट आणि आठ स्टेओव्हर. सहा चाळीसे 240, आठ बावीसे 176, मिळून 416. म्हणजे काम जेमतेम बसतं. आता शुक्रवार घे. बिझनेस हॉटेलात आठवड्याचे पाहुणे त्या दिवशी निघतात, म्हणून दहा चेकआउट आणि चार स्टेओव्हर धर. 400 अधिक 88, म्हणजे 488. खोल्या त्याच 14, तरी 68 मिनिटं जास्त. अजून तुझे 48 मी धरलेलेच नाहीत.

म्हणून सोळा की चौदा हा वाद रिपोर्टात घालू नकोस. चेकआउट वाढले की कोटा तोच का राहिला, हे विचार. काही हॉटेलांत चेकआउटच्या खोलीला जास्त क्रेडिट देऊन वाटणी करतात. तुमच्याकडे करत असतील तर कशी, तेही लिही.

आता 40 चे 48 का झाले? शुक्रवारी माणसाचा हात मंदावत नाही. ती मिनिटं वाट पाहण्यात गेली असणार. समासात काय लिहिलंय बघ.

चौथा_मजला
बघितलं. शुक्रवारच्या बहुतेक खोल्यांपुढे "टॉ. नाही" लिहिलंय. बाथ टॉवेल नसायचे. चादरी, पिलो कव्हरं मिळायची. मग अटेंडंट दीदी पुढची खोली घ्यायच्या आणि टॉवेल आले की परत यायच्या. मी बाहेर पडायची वेळ त्या शेवटच्या फेरीची लिहिलीय, पण मधला वेळ अंदाजाने वजा केलाय.

चावीचा_जुडगा
हे रिपोर्टमध्ये उघड लिही, कारण दोन वेगळ्या वेळा एकत्र झाल्यात. एक हाताची वेळ, म्हणजे प्रत्यक्ष काम. दुसरी, खोली रिकामी झाल्यापासून सुपरवायझरने तपासून कंट्रोल डेस्कला "रेडी" कळवेपर्यंतची. पाहुण्याला दुसरीशी मतलब. चादर ताणून, बाथरूम पुसून, व्हॅक्यूम मारून झालं तरी दोन टॉवेल नसतील तर ती खोली फ्रंट ऑफिसला विकता येत नाही, आणि दोन वाजता लॉबीत माणूस बॅग घेऊन उभा असतो. दुसरी वेळ तुझ्याकडे नसेल तर सुपरवायझरच्या रूम रिपोर्टवर मिळेल. तीन-चार शुक्रवारचे आकडे मिळाले तरी पुरे.

मालवणचा_पाव्हणा
मस्त चर्चा. आमचं तारकर्लीजवळ छोटं होमस्टे आहे, आठ खोल्या. पांढरे टॉवेल काही महिन्यांत पिवळे पडतात आणि कडक होतात. कुठलं केमिकल घ्यावं? हॉटेलवाले नेमकं काय घालतात?

सेमिस्टर_सहा
काका, ब्लीच वाढवा आणि सॉफ्टनर भरपूर घाला. आमच्या ट्रेनिंगच्या हॉटेलात तेच करायचे.

चावीचा_जुडगा
ब्लीच वाढवण्याआधी पाणी तपासून घ्या. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन ब्लीचने डाग जाण्याऐवजी पक्का होतो, पिवळा-तांबूस पडतो. कडकपणा बहुधा जड पाणी आणि कपड्यात राहिलेल्या साबणाचा. एक खळबळणं वाढवून बघा. सॉफ्टनर भरपूर घातला की टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही, मग पाहुणा एकाऐवजी दोन वापरतो. आणि मोजून ठेवा, पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागत असतील तर उन्हाळ्यात पुरणारे सेट तुम्हाला जुलैत पुरणार नाहीत. मुलाचा प्रश्नही तोच आहे.

चौथा मजला, तुझ्याकडे चादरी होत्या आणि टॉवेल नव्हते, याचं कारण लाँड्रीत विचारलंस का?

चौथा_मजला
मी तिथे पण होतो थोडे दिवस. चादरी धुतल्या की ओलसर असतानाच कॅलेंडर नावाच्या इस्त्रीच्या मशीनवर जातात आणि इस्त्री होऊनच बाहेर पडतात. टॉवेल टम्बलरमध्ये वाळवावे लागतात, त्यांना बराच वेळ लागतो. टम्बलर दोन आहेत, त्यातला एक सकाळी स्पाच्या टॉवेलना जातो. म्हणून आमच्या मजल्याचे टॉवेल दुपारी यायचे. लिनन रूमवाल्या मावशी म्हणतात स्टॉकच कमी आहे. लाँड्री मॅनेजर म्हणतात स्टॉक भरपूर आहे, फ्लोरवाले पँट्रीत लपवून ठेवतात.

चावीचा_जुडगा
हा वाद मी प्रत्येक हॉटेलात ऐकलाय, आणि कधी एक खरा निघतो, कधी दुसरा. ओळखायचा मार्ग मोजणीचा. एकाच वेळी, देवघेव थांबवून, खोल्यांतले, ट्रॉलीवरचे, पँट्रीतले, लिनन रूममधले, लाँड्रीतले आणि बाद म्हणून बाजूला काढलेले सगळे टॉवेल मोजायचे. खोल्यांना एकदा पुरेल तो एक पार. बेरीज ठरलेल्या पारच्या जवळ आली तर माल आहे, फिरतोय हळू. बरीच कमी आली तर माल गेलाय, मग तो फाटून बाद झाला, डस्टर म्हणून वापरला गेला की पाहुण्यांच्या बॅगेतून गेला हे वेगळं शोधायचं. फक्त तुझ्या मजल्याची मोजणी चालणार नाही, कारण टॉवेल साऱ्या हॉटेलात फिरतो. शेवटच्या इन्व्हेंटरीचे आकडे मिळतात का बघ.

चौथा_मजला
इन्व्हेंटरीच्या रात्री मी मदतीला होतो, त्यामुळे आकडे माहीत आहेत. 110 खोल्या, दोन बाथ टॉवेल प्रत्येकी, एक पार 220. ठरलेले तीन पार म्हणजे 660. मोजणीत चांगले निघाले 594.

चावीचा_जुडगा
म्हणजे 2.7 पार. दोघंही थोडे थोडे बरोबर. एक पार खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात असा हिशेब असतो. तुमच्याकडे कपाटातला पार 154 वर आलाय, आणि शुक्रवारी धुण्यातला उशिरा येतो. एरवी ही तूट दिसत नाही, दहा चेकआउट एकदम आले की दिसते. टॉवेल वाढवले तर किती दिलासा आणि स्पाचा टम्बलर शुक्रवारी दोन तास मागे ढकलला तर किती, हे तुझ्या आकड्यांवरून पक्कं ठरणार नाही. दोन्ही पर्याय मांड आणि आणखी कुठली नोंद लागेल ते लिही.

सेमिस्टर_सहा
पण हे सगळं हॉटेलबद्दल वाईटच झालं ना? आमच्या बॅचमध्ये एकाचा रिपोर्ट एचआरने परत केला होता.

कॉलेजातली_मॅडम
मी शिकवते, म्हणून लिहिते. सेमिस्टर सहाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ऑक्युपन्सी, स्टॉक, पाहुण्यांच्या तक्रारी ही हॉटेलची आतली माहिती असते, ट्रेनिंग मॅनेजरला मसुदा दाखवल्याशिवाय छापू नये. आकडे नको म्हणाले तर संख्या काढून पारमध्ये लिहावं, 660 ऐवजी "तीन पार". अटेंडंटचं नाव, खोली क्रमांक, पाहुण्याच्या सामानाचे फोटो तर नकोतच. पण अडचण लिहिणं म्हणजे बदनामी नव्हे. "लाँड्री हलगर्जी आहे" असं लिहिलं तर परत येईल. "टॉवेल दुपारी येत, त्याचं कारण वाळवण्याची क्षमता" असं लिहिलं तर बहुतेक मॅनेजर वाचतात.

चौथा_मजला
मग प्रकरणं अशी करू का? हॉटेलची ओळख, डिपार्टमेंट, एका चेकआउट खोलीचा प्रवास, शुक्रवारची अडचण, सुचवण्या. केमिकल्स कुठे घालू?

चावीचा_जुडगा
क्रम ठीक. ओळख एका पानात उरक. डिपार्टमेंटच्या प्रकरणात पुस्तकातला चार्ट नको, एखाद्या सकाळचा ड्यूटी रोस्टर काढ. कोण आठवड्याच्या सुट्टीवर, कोण पब्लिक एरियात, कंट्रोल डेस्कवर कोण, तुझ्या मजल्यावर किती जण. चार्टवरच्या किती खुर्च्या रिकाम्या असतात ते त्यातून दिसतं.

केमिकल्सना वेगळं प्रकरण देऊ नकोस, खोलीच्या प्रवासातच येऊ देत. आत गेल्यावर आधी कमोडमध्ये आर-सिक्स टाकून बाहेर येतो आणि चादरी काढायला घेतो, कारण केमिकलला काम करायला वेळ हवा. हे लिहिलंस की क्रमामागचं कारण तुला कळलं हे वाचणाऱ्याला कळतं. आर-नाईन आम्लाचं, ते मार्बलवर पडलं तर चकाकी जाते, धुऊन परत येत नाही. तुमच्या बाथरूममध्ये मार्बल असेल तर सुपरवायझर ती बाटली ट्रॉलीवर ठेवू देतात का ते लिही. व्हॅक्यूम शेवटी आणि आतून दाराकडे का, हेही एका ओळीत.

खोलीच्या स्टेटसचा एक परिच्छेद जरूर घाल. दुपारी फ्लोरचा रिपोर्ट आणि फ्रंट ऑफिसची यादी ताडून बघताना फरक आलेली एक खोली निवड. फ्लोर म्हणतो रिकामी, सिस्टिम म्हणते पाहुणा आहे. पाहुणा बिल न देता गेला, की रात्री दुसरीकडे राहिला आणि बॅग गाडीत आहे, की कुणी चेकआउट करायचं विसरलं? ते कसं शोधलं, हे तूच बघितलं असशील.

चौथा_मजला
अशी एक खोली डायरीत आहे. ट्रेनिंग मॅनेजरना आकड्यांबद्दल आजच मेल करतो. अजून एक, रूम रिपोर्टचा कोरा फॉर्म परिशिष्टात चालेल का? त्यावर हॉटेलचा लोगो आहे.

कॉलेजातली_मॅडम
लोगो असेल तर परवानगी घे, नाहीतर रकाने तेच ठेवून स्वतः टाइप कर. मला दुसरं जास्त आवडेल.

मालवणचा_पाव्हणा
मॅडम, पाणी तपासायला कुठे द्यायचं ते सांगाल का? वेगळा धागा काढतो हवं तर.