अनुभव धागा: कोटेशनच्या ईमेलमध्ये लिहायचे राहिलेले एक वाक्य

धागाकर्ता (पॅनेल उत्पादक, मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा)

आमचा इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि आठवड्याला चार-पाच कोटेशन ईमेलने जातात. मागच्या वर्षी हालोलच्या एका नव्या ग्राहकाला ४,८०,००० रुपयांचे कोटेशन पाठवले आणि त्यात ३० दिवसांची मुदत स्पष्ट लिहिली. ऑर्डर आली ४१व्या दिवशी. मधल्या काळात तांब्याच्या बसबारचा भाव किलोमागे ९० रुपयांनी वाढला होता आणि या पॅनेलला १८० किलो तांबे लागणार होते, म्हणजे १६,२०० रुपयांचा फरक पडला. आमच्या ऑफिसमधून मात्र त्याच दिवशी उत्तर गेले होते, "आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद, काम सुरू करत आहोत." दोन दिवसांनी मी भाववाढ कळवली, तेव्हा ग्राहकाने तेच उत्तर मला परत पाठवले. मुदत लिहिली होती, तरी नुकसान मलाच सोसावे लागले. कामाची व्याप्ती, भावाची मुदत, कर आणि पैशांच्या अटी यांबाबत आपापले अनुभव कृपया लिहावेत.

निवृत्त खरेदी अधिकारी, मांजलपूर

मी सव्वीस वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून कोटेशने वाचली, म्हणून लिहितो. मुदत संपली की आपला प्रस्ताव संपतो, आणि त्यानंतर आलेली ऑर्डर हा ग्राहकाने आपल्यासमोर ठेवलेला नवा प्रस्ताव ठरतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचा रोख असाच आहे. आपल्या ऑफिसने "काम सुरू करत आहोत" असे लिहून तो प्रस्ताव जुन्या भावाने स्वीकारला. मुदतीने आपले काम चोख केले होते, चूक पोच देताना झाली. अशा वेळी एवढेच लिहावे: "आपली ऑर्डर मिळाली. आमच्या कोटेशनची मुदत संपलेली असल्याने सुधारित भाव उद्या कळवतो. त्यास आपली लेखी संमती आल्यावर काम सुरू करू."

दुसरे म्हणजे "३० दिवस" न लिहिता थेट तारीख लिहावी. भाव दोनदा सुधारून पाठवला की हे ३० दिवस पहिल्या ईमेलपासून मोजायचे की शेवटच्या, यावर आमच्याकडे अनेकदा वाद झालेला मी पाहिला आहे. प्रत्येक सुधारणेला क्रमांक द्यावा आणि "याआधीचे कोटेशन रद्द समजावे" असे लिहावे, कारण खरेदी विभागात तीन ईमेल तीन जणांकडे असतात आणि ऑर्डर बहुधा सर्वांत कमी भावाच्या ईमेलवरून तयार होते.

अंतर्गत सजावटकार, अलकापुरी

माझे नुकसान कराच्या ओळीत झाले. एका दवाखान्याच्या आराखड्यासाठी मी ईमेलमध्ये "शुल्क रु. १,००,०००" इतकेच लिहिले होते. बिलात १८ टक्के जीएसटी लावल्यावर डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुम्ही लाख सांगितले होते, मी लाखच देणार." शेवटी तेवढ्यातच कर धरावा लागला, म्हणजे माझ्या हातात ८४,७४६ रुपये आले आणि १५,२५४ रुपये करात गेले. तेव्हापासून "जीएसटी वेगळा" हे शब्द मी रकमेच्या त्याच ओळीत लिहिते, खाली अटींमध्ये नाही, कारण अटी कोणी वाचत नाही.

फॅब्रिकेशन ठेकेदार, पोर

कराचे सोपे आहे. ग्राहक गुजरातचा असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेरच्या राज्याचा असेल तर आयजीएसटी. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक पाहावा आणि लिहून टाकावे.

करसल्लागार, रावपुरा

पोरच्या बंधूंचे म्हणणे पुष्कळ वेळा लागू पडते, पण त्यांच्याच व्यवसायात ते फसू शकते. पुण्याच्या कंपनीने हालोलला दुसऱ्याचे बांधकाम ठेक्याने घेतले आहे आणि तिथे जमिनीशी कायम जोडलेली शेड उभारून द्यायची आहे, असे समजा. ठेकेदार गुजरातचा आणि जागाही गुजरातची, म्हणून ग्राहक पुण्याचा असला तरी सीजीएसटी आणि एसजीएसटीच लागतो. त्या कंपनीची गुजरातमध्ये नोंदणी नसेल तर तिला या कराचे क्रेडिट मिळत नाही आणि तिच्या दृष्टीने आपला भाव १८ टक्क्यांनी महाग होतो. हे बिलाच्या दिवशी कळले की संबंध बिघडतात. म्हणून कोटेशन देण्याआधीच काम कुठे होणार आणि बिल कोणत्या नोंदणीवर हवे, हे ईमेलने विचारून घ्यावे.

आणखी एक वाक्य जरूर असावे: "कर पुरवठ्याच्या वेळी लागू असलेल्या दराने आकारला जाईल." २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा ज्यांनी करासहित एकच रक्कम लिहिली होती, त्यांच्या ग्राहकांनी फरकाचा हिशेब मागितला आणि मूळ किंमत कोणती, हेच कागदावर नव्हते.

फराळ व्यावसायिक, दांडिया बाजार

दिवाळीत दोन कंपन्यांना मी फराळाचे डबे पुरवते. माझी उलाढाल मर्यादेत असल्याने जीएसटी नोंदणी नाही, तरी एका मैत्रिणीचा नमुना उतरवताना "जीएसटी वेगळा" हे वाक्यही माझ्या ईमेलमध्ये गेले. कंपनीने नोंदणी क्रमांक मागितला आणि मला फार ओशाळे वाटले. दुसरे असे की, कितीही व्यवस्थित लिहिले तरी त्यांचा फोन येतोच, "बेन, छेल्लो भाव कहो." लेखी भाव दिल्यावर तोंडी कमी करावा का, हे मला विचारायचे आहे.

करसल्लागार, रावपुरा

ताई, नोंदणी नसताना कर आकारता येत नाही, त्यामुळे आपल्या ईमेलमध्ये "जीएसटी नोंदणी नाही, कर आकारला जाणार नाही" असे लिहावे. घासाघिशीबद्दल खरेदी अधिकारीच सांगतील.

निवृत्त खरेदी अधिकारी, मांजलपूर

कमी करायचाच असेल तर त्याबदल्यात काहीतरी मागावे, उदाहरणार्थ अर्धी रक्कम आगाऊ, आणि फोन ठेवल्यावर लगेच नवा क्रमांक घालून ईमेल पाठवावा. तोंडी कमी केलेला भाव पुढच्या वर्षी मूळ भाव म्हणून समोर येतो.

धागाकर्ता

आता पैशांच्या अटींचे सांगतो, कारण त्याच ऑर्डरमध्ये तिथेही अडकलो होतो. आमच्या ईमेलमध्ये "४० टक्के आगाऊ, ५० टक्के पाठवणीपूर्वी, १० टक्के पॅनेल कार्यान्वित झाल्यावर" असे होते. हे टक्के कराशिवायच्या किमतीचे की एकूण रकमेचे, ते लिहिलेले नव्हते. ग्राहकाने पाठवणीपूर्वी २,४०,००० रुपयेच दिले आणि ८६,४०० रुपयांचा कर आम्ही त्या महिन्यात खिशातून भरला. पुढे त्यांचे वीज जोडणीचे काम आठ महिने लांबले, पॅनेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले उभे राहिले आणि शेवटचे ४८,००० रुपयेही तसेच राहिले. इनकमिंग केबल कोणी ओढायची, हे व्याप्तीत नव्हते, त्यामुळे उशीर कोणाचा यावरही वाद झाला.

आता आमच्या ईमेलमधला मजकूर असा असतो: "वरील किंमत जीएसटीशिवाय आहे. किमतीच्या ४० टक्के ऑर्डरसोबत. ५० टक्के आणि संपूर्ण जीएसटी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर पाठवणीपूर्वी. उरलेले १० टक्के पॅनेल कार्यान्वित झाल्यावर किंवा पाठवणीपासून ९० दिवसांत, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. क्रेन, पाया, इनकमिंग केबल आणि तिची जोडणी आमच्या कामात समाविष्ट नाही."

अंतर्गत सजावटकार, अलकापुरी

"समाविष्ट नाही" ही यादी पहिल्याच ईमेलमध्ये दिली तर नवा ग्राहक बिचकत नाही का?

धागाकर्ता

दोन ग्राहकांनी ती वाचून फोन केला आणि केबलचा वेगळा भाव मागितला. एकाने पुढे काहीच कळवले नाही. मुदतीबाबत मात्र अजून ठरत नाही. तांब्यामुळे मला सात दिवसच परवडतात, आणि मोठ्या कंपनीची मंजुरी तेवढ्यात होत नाही. भाव तांब्याच्या त्या दिवशीच्या दराशी जोडून कोणी कोटेशन देत असेल, तर ते वाक्य नेमके कसे लिहिता, हे वाचायला आवडेल.

फॅब्रिकेशन ठेकेदार, पोर

आम्ही पोलादासाठी आधारदर आणि त्याची तारीख लिहितो, आणि किलोमागे फरक दोन्ही बाजूंना लागू करतो. दर उतरला तेव्हा एकदा आम्हालाही पैसे परत द्यावे लागले. माझ्याकडेही हालोलच्याच एका शेडचे काम आहे, त्याचे मी उद्याच विचारून घेतो; तिथला ग्राहक नाशिकचा आहे.