चौकटींची पट्टी आणि क्रिटिकल पाथ

"चौकटी चार दिवस लांबल्या तरी ताबा त्याच तारखेला, मग स्लॅब लांबला की ताबा का लांबतो?" असं क्लायंट विचारतो.

मी त्याला बार चार्टवर दोनच पट्ट्या दाखवतो. आमच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरहून मोठा, म्हणून स्लॅबचे टेकू १४ दिवस हलत नाहीत. ते निघाल्यावरच खालचं वीटकाम, मग प्लास्टर. या साखळीत सवड शून्य, तोच क्रिटिकल पाथ. स्लॅब पडतो त्याच दिवशी सुरू केलेल्या चौकटी सुताराकडे ८ दिवसांत होतात, पण लागतात वीटकामाच्या सुरुवातीला. म्हणजे ६ दिवस सवड. चार दिवस त्यात जिरतात. एकदा मात्र नऊ दिवस लांबल्या, तेव्हा ताबा तीन दिवस सरकला आणि क्रिटिकल पाथच चौकटींवरून जाऊ लागला. म्हणून उरलेली सवड मी पट्टीपुढे फिक्या रंगात काढतो.