मदत हवी आहे: मदर्स डे, फादर्स डे कुठल्या देशात वारावर आणि कुठे ठरलेल्या तारखेला?

मनवा_नाशिक
नमस्कार मंडळी. आमच्या घरातल्यांचं एक सामायिक कॅलेंडर आहे, ते मी सांभाळते. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सगळं त्यात असतं आणि आठवण सगळ्यांच्या फोनवर जाते. भाऊ-वहिनी इंग्लंडला लेस्टरमध्ये, बहीण जर्मनीत, मावसभाऊ स्टॉकहोमला आणि दीर-जाऊ दुबईत. गेल्या वर्षी मी मदर्स डे सगळ्यांसाठी ११ मे टाकला होता कारण आपल्याकडे तोच होता. नऊ वर्षांच्या भाच्याने ते बघितलं, आणि मार्चमध्ये शाळेत सगळी मुलं आईसाठी कार्ड करत होती तेव्हा त्याने बाईंना सांगितलं की आमचा मे महिन्यात असतो, आत्याने लिहिलंय. वहिनीला त्या दिवशी कार्ड मिळालंच नाही. मला हे जूनमध्ये कळलं आणि फार वाईट वाटलं.

यंदा नीट करायचंय. मी नेटवर २०२५ आणि २०२६ च्या तारखा बघून नियम काढलेत, बरोबर आहेत का सांगा:
इंग्लंड मदर्स डे – ३० मार्च (गेल्या वर्षीचा, दरवर्षी हाच धरू का?)
जर्मनी फादर्स डे – मेचा दुसरा गुरुवार (यंदा १४ मे आहे म्हणून)
स्वीडन मदर्स डे – मेचा चौथा रविवार (गेल्या वर्षी २५ मे होता)
दुबई – माहीत नाही

सह्याद्रीचा_वारा
ताई, सोपं आहे. सगळ्या जगात मेचा दुसरा रविवार, फक्त इंग्लंडचा वेगळा, तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असतो. फादर्स डे सगळीकडे जूनचा तिसरा रविवार. एवढं टाका, बाकी कशात पडू नका.

तिथी_वार
सह्याद्री, मेचा दुसरा रविवार खूप देशांत आहे हे खरं (अमेरिका, भारत, जर्मनी, इटली, जपान, ऑस्ट्रेलिया), पण बाकीचं तसं नाही. मनवाताई, तुमच्या यादीत तीन नियम आहेत आणि तिन्ही चुकलेत, पण प्रत्येक वेगळ्या कारणाने, म्हणून एकेक घेतो.

आधी इंग्लंड. त्यांचा मदर्स डे मुळात चर्चचा, मदरिंग संडे. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळातला चौथा रविवार, म्हणजे ईस्टरच्या बरोबर तीन आठवडे आधी. ईस्टर चंद्रावर ठरतो, आपल्या होळी-पाडव्यासारखा तो इंग्रजी कॅलेंडरमध्ये पुढेमागे सरकतो, आणि त्याच्याबरोबर हा दिवसही सरकतो. २०२५ मध्ये ईस्टर २० एप्रिलला, म्हणून मदरिंग संडे ३० मार्च. यंदा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून १५ मार्च. पुढच्या वर्षी ईस्टर २८ मार्चला, म्हणून ७ मार्च. लवकरात लवकर १ मार्च आणि उशिरात उशिरा ४ एप्रिल, त्यामुळे 'मार्चचा शेवटचा आठवडा' हेही धरता येत नाही. तुम्ही ३० मार्च ठेवला असता तर यंदा तो सोमवारी आला असता, आणि तेव्हा खरा दिवस होऊन पंधरा दिवस झालेले असते.

तिथला फादर्स डे मात्र साधा आहे, जूनचा तिसरा रविवार, भारतासारखाच. एकाच देशात आईचा दिवस ईस्टरवर आणि वडलांचा वारावर.

मनवा_नाशिक
अरे बापरे, म्हणजे वार किंवा तारीख असे दोनच प्रकार नाहीत तर. मग जर्मनीचं काय? तो पण ईस्टरवर का?

तिथी_वार
हो. जर्मनीत फादर्स डे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला करतात. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येतो, म्हणून कायम गुरुवारच, आणि त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. तुम्ही यंदाची १४ मे बघितलीत आणि तो दुसरा गुरुवार आहे हेही खरं, पण गेल्या वर्षी २९ मे होता, म्हणजे पाचवा गुरुवार, आणि पुढच्या वर्षी ६ मे, म्हणजे पहिला. एका वर्षाच्या तारखेवरून नियम काढला की असंच होतं. निदान तीन वर्षांच्या तारखा शेजारी शेजारी लिहून बघाव्यात.

आता स्वीडन. तिथे मेचा *शेवटचा* रविवार आहे, चौथा नव्हे. गेल्या वर्षी मेमध्ये चारच रविवार होते म्हणून चौथा आणि शेवटचा एकच झाले आणि फरक दिसला नाही. यंदा मेमध्ये पाच रविवार आहेत, चौथा २४ ला आणि शेवटचा ३१ ला. तुमची आठवण मावसभावाला आठवडाभर आधी गेली असती. स्वीडनचा फादर्स डे नोव्हेंबरचा दुसरा रविवार, जूनचा नाही.

दुबईकर_सुनीता
दुबईचं मी सांगते, सतरा वर्षं आहे इथे. इथे आणि बहुतेक अरब देशांत मदर्स डे २१ मार्चला, दरवर्षी तीच तारीख, वार कुठलाही असो. इजिप्तमध्ये १९५६ पासून सुरू झाला आणि तिथून सगळीकडे पसरला. वसंत ऋतूचा पहिला दिवस म्हणून २१ मार्च. पण खरं सांगू का, आमच्या बिल्डिंगमधल्या भारतीय बायका मेचा दुसरा रविवारच करतात, आणि मुलं ज्या शाळेत जातात त्यावर पण आहे, माझ्या मुलीच्या शाळेत २१ मार्चला कार्ड करून घेतात आणि शेजारणीच्या मुलाच्या भारतीय शाळेत मेमध्ये. तुमच्या जावेला विचारूनच टाका.

गोदाकाठ
आपला मातृदिन तर पिठोरी अमावस्येला असतो ना, श्रावण अमावस्या. तो कुणीच लिहिला नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे अजून करतात. आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून मुलांकडे पाठ करून बसते आणि विचारते 'अतीत कोण?', मग मूल म्हणतं 'मी' आणि मागून वाण घेतं. तारीख दरवर्षी बदलते, पंचांग बघावं लागतं. मनवाताई, तुमच्या कॅलेंडरमध्ये हा टाकला आहे का?

मनवा_नाशिक
गोदाकाठताई, आई करायची, आता नाही होत. टाकते नक्की. माझा प्रश्न बाकीच्या देशांचा होता पण हे आठवून बरं वाटलं.

काठमांडू_रिटर्न
गोदाकाठ, गंमत म्हणजे तुमची जी पिठोरी अमावस्या तीच नेपाळमध्ये कुशे औंसी, आणि तिथे तो *वडलांचा* दिवस आहे. आईचा दिवस वैशाखातल्या अमावस्येला, मातातीर्थ औंसी. त्यांचे महिने पौर्णिमेला संपतात म्हणून त्यांची वैशाख अमावस्या म्हणजे आपली चैत्र अमावस्या, त्यात गोंधळ करू नका. चार वर्षं होतो तिथे, दोन्ही दिवशी ऑफिस अर्धं रिकामं असायचं.

सह्याद्रीचा_वारा
माझं चुकलं, तिथी_वार यांनी छान समजावलं. पण मग तारीख कायमची ठरलेली असे देश थोडेच असतील ना? मेक्सिकोचा १० मे मला माहीत आहे, तिथल्या टीमबरोबर काम करतो, त्या दिवशी दुपारनंतर कुणी फोन उचलत नाही.

तिथी_वार
बरेच आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तारखेमागे काहीतरी कारण असतं. स्पेन, इटली, पोर्तुगालमध्ये फादर्स डे १९ मार्चला, तो संत जोसेफचा दिवस. थायलंडमध्ये आईचा दिवस १२ ऑगस्ट, राणी सिरिकित यांचा वाढदिवस, आणि वडलांचा ५ डिसेंबर, राजे भूमिबोल यांचा वाढदिवस. राजे २०१६ मध्ये गेले तरी ५ डिसेंबर तसाच राहिला. पोलंडमध्ये २६ मे आणि २३ जून. मला सगळ्यात आवडलेली तारीख तैवानची, ८ ऑगस्ट, म्हणजे ८-८. चिनी भाषेत आठला 'बा' म्हणतात, आठ-आठ म्हणजे 'बा बा', आणि वडलांनाही ते 'बाबा'च म्हणतात.

वाराचा नियम अमेरिकेतून आला. ॲना जार्विस यांची आई ९ मे १९०५ ला वारली, त्या दिवशी मंगळवार होता. १९०८ मध्ये त्यांनी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली ती रविवारी, १० मेला, तो दुसरा रविवार होता, आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तोच वार जाहीर केला.

सह्याद्री, तुमच्या मेक्सिकोवरून एक सांगतो. यंदा मेचा दुसरा रविवारही १० मेलाच आहे. म्हणजे कुणी मेक्सिकोला वाराचा नियम लावला किंवा भारताला तारखेचा, तरी यंदा चूक दिसणारच नाही. पुढच्या वर्षी दुसरा रविवार ९ मे, त्यानंतर १४ मे, तेव्हा उघडी पडेल.

मनवा_नाशिक
आता हे फोनमध्ये कसं टाकू? माझ्या कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी' निवडलं की फक्त तारखेवरच येतंय, 'दरवर्षी दुसरा रविवार' असा पर्यायच दिसत नाही.

कोडवाली_कोल्हापूर
'दर महिन्याला' निवडा, त्यात 'दुसऱ्या रविवारी' असतं, आणि मग दर १ महिन्याच्या ऐवजी दर १२ महिन्यांनी करा. पहिली नोंद मात्र खऱ्या तारखेलाच करायची, १० मे २०२६. शेवटच्या रविवारचंही असंच. तुम्ही फाईल करून सगळ्यांना पाठवणार असाल तर .ics मध्ये हे लिहा, पहिली ओळ दुसऱ्या रविवारची आणि दुसरी शेवटच्या:

```
RRULE:FREQ=YEARLY;BYMONTH=5;BYDAY=2SU
RRULE:FREQ=YEARLY;BYMONTH=5;BYDAY=-1SU
```

उणे एक म्हणजे शेवटून पहिला, मग रविवार चार असोत की पाच. इंग्लंड आणि जर्मनीच्या ईस्टरवाल्या दिवसांसाठी मात्र असा नियम लिहिता येत नाही, त्या तारखा पुढच्या पाच वर्षांच्या एकेक करून हातानेच टाका. आणि टाकून झालं की २०२७ आणि २०२८ उघडून बघा.

पॅरिसची_मीरा
फ्रान्स कुणाला लागला तर: मेचा शेवटचा रविवार, पण त्याच रविवारी पेन्टेकोस्टचा सण आला तर जूनचा पहिला. २०२३ मध्ये असं झालं होतं, ४ जूनला केला. त्यामुळे स्वीडनची ओळ फ्रान्सला तशीच लावू नका, बहुतेक वर्षी बरोबर येईल आणि एखाद्या वर्षी चुकेल.

मनवा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून सगळं टाकलं, २०२८ पर्यंत बघितलं, १०, ९, १४ असं येतंय. भाच्याला फोन करून १५ मार्च सांगितला, त्याने वहीत लिहून घेतला. जाऊ म्हणाली दोन्ही टाक, २१ मार्च आणि मे.

एक राहिलंच. भाऊ इंग्लंडला आणि आई इथे नाशिकला. त्याने आईला फोन मार्चमध्ये करायचा की मेमध्ये?

दुबईकर_सुनीता
आई जिथे असेल तिथला दिवस. मेमध्ये.

सह्याद्रीचा_वारा
मला नाही पटत. कार्डं आणि फुलं त्याच्याकडे मार्चमध्ये मिळतात, आठवणही तेव्हाच होते. मार्चमध्येच करू दे.

गोदाकाठ
आईला विचारा की.

नवीन_सभासद_अनघा
धागा आत्ताच वाचला. माझी लेक नॉर्वेत आहे आणि नातू विचारत होता. नॉर्वेचं स्वीडनसारखंच का, मेचा शेवटचा?

तिथी_वार
नाही अनघाताई, शेजारी असून वेगळं आहे. नॉर्वेत मदर्स डे फेब्रुवारीचा दुसरा रविवार, यंदा ८ फेब्रुवारी. दहा-बारा दिवसच राहिलेत, इथून पोस्टाने काही पोचणार नाही, नातवाला आजच फोन करून सांगा.