एप्रिलच्या आधी पगारवाढ: एचआरला नोट पाठवावी का?

शिरोलीचा शॉप मॅनेजर:
आमच्या व्हीएमसी प्रोग्रामरचा पगार १ नोव्हेंबरपासून ३८,००० वरून ४४,००० करावा, अशी नोट एचआरला लिहिलीय: "अत्यंत मेहनती, बारा-बारा तास थांबतो, गेला तर लाईन बंद पडेल." एवढं पुरे, की एप्रिलपर्यंत थांबू?

कागलची एचआर:
पाठवा, पण ही नव्हे. मेहनतीचं कौतुक एप्रिलच्या अप्रेझलमध्ये होतंच. आत्ताच का, हे नोटेत दिसायला हवं. त्याचं काम बदललंय का? त्याच कामाला बाहेरून कोणी जास्त पगारावर आलंय का? आणि बारा तासांचं वाक्य काढाच, पहिला प्रश्न ओव्हरटाइमचा येईल.

जुना फोरमन:
माझा विरोध. एकाला मधेच दिलं की चहाच्या सुट्टीत सगळ्या शॉपला कळतंय. एकरकमी बक्षीस द्या. बेसिक वाढवलं की पीएफ, ग्रॅच्युइटी सगळंच वाढतंय.

कागलची एचआर:
काका, ग्रॅच्युइटीचं खरं आहे. ती शेवटच्या पगारावर मागच्या सगळ्या वर्षांची निघते. बेसिक ३,००० नी वाढलं आणि नोकरी सहा वर्षांची असली, तर कंपनीचा बोजा सुमारे १०,४०० नी वाढतो. पीएफ मात्र कंपनी मर्यादेपुरताच भरत असेल आणि बेसिक आधीच त्यावर असेल, तर वाढत नाही. बक्षीस एकदाच केलेल्या कामाला ठीक. जबाबदारी कायमची वाढली असेल तर बक्षीस संपतं, जबाबदारी उरते.

शिरोलीचा शॉप मॅनेजर:
जूनमध्ये एक प्रोग्रामर सोडून गेला, तेव्हापासून त्याचा सेलही हाच बघतो. त्याच्या जागी घेतलेला ४३,००० वर आलाय आणि त्याला शिकवतोयही हाच. बेअरिंग हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून अडीचवर आलं.

कागलची एचआर:
अहो, हेच लिहायचं होतं! जूनपासून दोन सेल, नवा माणूस ४३,००० वर, प्रस्ताव ४४,०००, मार्चपर्यंत पाच महिन्यांचा जादा पगार ३०,०००. रिजेक्शनचं जपून लिहा. त्याच सुमारास फाउंड्रीकडून कास्टिंग सुधारून आलं असेल तर श्रेय त्याचं नाही. त्यानं प्रोग्राम कधी बदलला ती तारीख आणि क्वालिटीचे महिनावार आकडे शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील तर तो मुद्दा गाळा, बाकीचे पुरेसे आहेत.

उद्यमनगरचा डिझायनर:
मला "ऑफर दाखव, मग बघू" म्हणाले होते. दाखवली, डिसेंबरात वाढ मिळाली आणि एप्रिलला शून्य! "तुझं झालंय की" म्हणे.

कागलची एचआर:
म्हणून एप्रिलचं आत्ताच लिहून घ्या. ही वाढ पदाच्या पगारातला फरक भरायला आहे, वार्षिक वाढ वेगळी मिळेल, असं स्पष्ट वाक्य हवं. आणि मंजुरी येईपर्यंत त्याला आकडा सांगू नका.

जुना फोरमन:
त्याचं पटलं. पण त्या दोन सेलवरचे जुने सेटर अजून नव्या भरतीपेक्षा कमीवर आहेत, त्यांची नोट कोण लिहिणार?

शिरोलीचा शॉप मॅनेजर:
दोघा सेटरांचे पगार एचआरकडून मागवतो. दोघांचंही याच वर्षी बसेल, असं मात्र वाटत नाही.