‘सुरेशनाना’ की ‘सुरेश नाना’? फोनमध्ये नातं कसं लिहावं

अमळनेरकर: आपल्याकडे नाना, आप्पा, आबा, जिभाऊ घरोघरी आहेत. फोनमध्ये नुसतं ‘नाना’ लिहिलं तर सगळे नाना एकाखाली एक येतात. चोपड्याचे कोणते, साक्रीचे कोणते, कळत नाही. ‘सुरेश पाटील’ लिहिलं तर चारचौघांत फोन वाजल्यावर स्क्रीनवर काकांचं उघडं नाव दिसतं, ते मला पटत नाही. ‘सुरेशनाना’ लिहिलं, तर ‘नाना’ टाकून सापडत नाहीत. काय करावं?

शिरपूरची सून: आमच्याकडे मोठ्या दिरांना जिभाऊच म्हणतात, गल्लीतले लोकसुद्धा. तुम्ही काकांना नाना म्हणता, तेच बरोबर आहे.

अमळनेरकर: वहिनी, हाक ठरलेलीच आहे. लिहायचं कसं, एवढंच विचारतोय.

तापीकाठ: बरेच फोन शब्दाच्या सुरुवातीपासून अक्षरं जुळवतात. ‘सुरेशनाना’ हा एकच शब्द झाला, म्हणून ‘सुरे’ टाकलं तर सापडेल, ‘नाना’ टाकलं तर नाही. मधे जागा सोडून ‘सुरेश नाना चोपडा’ लिहा. मग तिन्हींपैकी कुठलाही शब्द चालतो. हे सगळं पहिल्या नावाच्या रकान्यातच लिहा. ‘नाना चोपडा’ आडनावात टाकलं आणि फोन आडनाव आधी दाखवत असला, तर क्रम उलटतो.

भडगावचे सर: गाव कंपनीच्या रकान्यात टाका, नाव सुटसुटीत राहतं. आणि ‘सुरेशनाना’ जोडूनच लिहायला हवं. तोडलं की नाना हे आडनाव वाटतं.

तापीकाठ: सर, फोनच्या यादीत कंपनी शोधता येते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नावच दिसतं. तिथे दोन सुरेश नाना असले तर पुन्हा घोळ. पत्रात मीही जोडूनच लिहितो. आणखी एक, एकच लेखन ठरवा. ‘जिभाऊ’ लिहून ‘जीभाऊ’ शोधलं तर बहुधा हाती काही लागत नाही. ‘आप्पा’, ‘अप्पा’ तसंच. नावापुढे ‘उसनवारी’ वगैरे खूणही नको. तो संपर्क कुणाला पाठवला की तुम्ही लिहिलेलं नाव जसंच्या तसं जातं.

भडगावचे सर: सोयीचं मान्य. तरी माझ्या फोनमध्ये जोडूनच राहील.

अमळनेरकर: माझ्या फोनचं जमलं. पण आई दिरांचं नाव घेत नाही, वाचायलाही नको म्हणते. ती ‘चोपड्याचे नाना’ म्हणते.

तापीकाठ: मग त्यांच्या फोनमध्ये तसंच लिहा, ‘चोपड्याचे नाना’. तिथे ‘चोपडा’ लिहिलं आणि त्यांनी ‘चोपड्या’ टाकलं तर जुळणार नाही, कारण ‘ड’नंतर अक्षर बदलतं. ‘चोपड’ एवढंच टाकलं तर दोन्ही सापडायला हवेत. त्यांच्या फोनवर एकदा करून बघा.

शिरपूरची सून: आणि चोपड्यालाच फुई असली तर?

अमळनेरकर: आहेच. ‘चोपड्याची फुई’ म्हणून खाली दिसेल. पण फुईचे यजमान? त्यांना आई नुसतं ‘पाहुणे’ म्हणते, आणि पाहुणे तर गावोगावी आहेत.