मदत हवी आहे: डार्क मोडमध्ये पॉपअप मागच्या कार्डात मिसळतोय, लाल आकडे थरथरतात

बेदाणा_कोडर, सांगली
अडत दुकानाच्या ॲपला डार्क मोड केलाय. मालक म्हणतात, डोळ्यांवर येतं आणि पावतीचा पॉपअप मागच्या कार्डापासून वेगळा दिसत नाही. काँट्रास्ट तपासलाय, पास आहे. उद्या सकाळी दाखवायचंय. लवकर सांगा.

कृष्णाकाठ
रंग कुठले? कोड टाका की, इथनं आम्हाला काय दिसणार?

बेदाणा_कोडर
नेहमीचेच. मागे #000000, कार्ड आणि पॉपअपही तेच, अक्षरं #FFFFFF, बाकी रक्कम #FF0000. कडेला सावली आहे, लाइट मोडमध्ये छान दिसते.

माहुलीकर
फोनमध्ये रात्रीचा पिवळा फिल्टर असतो, तो लावा. माझ्या मुलाचा चष्म्याचा नंबर वाढला तेव्हापासून आमच्या घरी कायम चालू.

रंगारी_सातारा
ताई, फिल्टरनं पॉपअप वेगळा दिसायचा नाही. काळ्यावर काळी सावली दिसणार कशी? डार्क मोडमध्ये जो थर वर, तो जास्त उजळ करायचा. मटेरियलच्या जुन्या पद्धतीत #121212 वर पांढऱ्याचा हात देतात: कार्डाला 5 टक्के, पॉपअपला 16.

```css
--page: #121212;
--card: #1E1E1E;
--dialog: #383838;
```

अक्षरं #E0E0E0 करा. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं म्हणजे 21:1. ज्यांना ॲस्टिग्मॅटिझम आहे त्यांना अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, आणि मराठीत मात्रा-अनुस्वार आधी बुजतात.

ओलेड_पाटील
काळा काढू नका राव! ओलेडला बॅटरी वाचते.

रंगारी_सातारा
वाचते, पण #121212 लाही पिक्सेल मंदच जळतात, फरक थोडा. उलट काही ओलेडवर शुद्ध काळ्यावरून यादी सरकवली की अक्षरांमागे शेपूट दिसतं.

ओलेड_पाटील
माझ्या फोनवर नाही दिसत.

बेदाणा_कोडर
भांडण नंतर. लाल रंगाचं बोला. काळ्यावर 5.25 येतं, 4.5 पाहिजे. मग अडचण कुठं?

रंगारी_सातारा
ते गणित फक्त उजेडातला फरक मोजतं, रंगाचा भडकपणा नाही. थरथर तुम्हाला दिसतेय आणि आकडा पास म्हणतोय, ते यामुळंच. शिवाय पॉपअप उजळ केलात की तोच लाल तिथं 2.9 वर येतो.

कृष्णाकाठ
मी #CF6679 वापरतो, कार्डावर 4.6 मिळतं.

रंगारी_सातारा
कार्डावर ठीक, पण #383838 वर 3.3 च. रंग सगळ्यात उजळ थरावर तपासायचा, तिथं पास झाला की खाली होतोच. #FFB4AB घ्या, पॉपअपवरही 6.9 येतं.

बेदाणा_कोडर
हा तर गुलाबी! थकबाकी गुलाबी दाखवली तर मालक हाकलतील.

रंगारी_सातारा
मग आकड्याआधी "येणे" लिहा, सगळा भार रंगावर टाकू नका. आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रंग बंद करून, ब्राइटनेस निम्मा करून बघा. तेव्हाही पॉपअपची कड दिसली पाहिजे.

बेदाणा_कोडर
केलं. ब्राइटनेस कमी केल्यावर पॉपअप दिसतो, पण कार्ड आणि मागची पाटी एकच वाटते.

कृष्णाकाठ
कार्डाला बारीक करडी कड द्या.

रंगारी_सातारा
दहा कार्डं एकाखाली एक आली की जाळी होते हो त्याची. मी कार्डच अजून उजळ करीन.

माहुलीकर
बेदाण्याचा दर काय चाललाय सध्या?