मदत हवी आहे: आठवड्यात प्रेसिंग जास्त, त्यात रोटेटर कफ आणि वरच्या पाठीचं प्रीहॅब कुठे बसवू?

पहाटपाळी:
वय ३४, चार वर्षं वजनं उचलतोय. सध्याचा आठवडा असा:

सोमवार: बेंच ५ सेट
बुधवार: ओव्हरहेड प्रेस ४, इनक्लाइन डंबेल प्रेस ३
शुक्रवार: हलका बेंच ४, डिप्स ३
शनिवार: पाय, मग पुलअप ३, बारबेल रो ४

दोन महिन्यांपासून बेंचला बार छातीशी आला की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला बोचतं. शुक्रवारी जास्तच. रात्री त्रास नाही, हात वर पूर्ण जातो. दुखणं वाढायच्या आत प्रीहॅब सुरू करावं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी बेंचच्या आधी बँडने बाहेर फिरवायचे २० चे ३ सेट सुरू केले. मग वाटलं बँड फारच हलका पडतोय, म्हणून ५ किलोचा डंबेल घेऊन उभ्यानेच तसं करतोय. बोचणं तेवढंच आहे आणि वर बेंचचा शेवटचा सेट डगमगायला लागलाय. मागच्या सोमवारी पाचवा सेट सोडून दिला. हा ब्लॉक आठवड्यात नक्की कुठे टाकायचा आणि किती?

भीमटोला:
सोपं आहे. पुश जितकं, त्याच्या दुप्पट पुल. तुमचं पुश १९ सेट, पुल ७. पुलअप आणि रो वाढवा, खांदे मागे खेचून ठेवायची सवय लावा. कफ-बिफचं वेगळं काही लागत नाही.

उंबरठा:
माझाही खांदा असाच होता हो. आधी पाठीमागे हात जाईना, मग केस विंचरतानाही वर जाईना. फ्रोझन शोल्डर निघाला, वर्ष गेलं त्यात. दोरी आणि पुली लावून रोज हात वर ओढायचे. वजनं ताबडतोब बंद करा.

पहाटपाळी:
ताई, माझा हात सगळीकडे पूर्ण जातो, आखडलेला नाही. फक्त प्रेस करताना, तोही खालच्या टोकाला, बोचतो.

तिरकी_रेघ:
बारा वर्षं लोकांकडून वजनं उचलून घेतोय, त्यावरून सांगतो. इथून तुमचा खांदा तपासता येत नाही, पण ब्लॉक का चालत नाहीये ते लिहिण्यातूनच दिसतंय.

पहिलं, तो उभ्याने धरलेला डंबेल. वजन खाली ओढतं, बाजूला नाही. उभं राहून कोपर वाकवून हात बाहेर फिरवलात तर त्या फिरण्याला डंबेलचा विरोध जवळजवळ शून्य. तुम्ही ५ किलो नुसते तोलून धरताय, काम बायसेप्सचं होतंय. बँड बरोबर होता, कारण तो आडवा ओढतो. डंबेलच हवा असेल तर कुशीवर आडवे व्हा.

उजव्या हातासाठी डाव्या कुशीवर. उजवं कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये घडी केलेला नॅपकिन, मनगट पोटापाशी. तिथून हात जमिनीला समांतर येईल त्याच्या किंचित वर न्यायचा आणि तीन आकडे मोजत खाली. २ किलोने सुरू करा. हसू नका, नीट केलं तर १२ व्या रेपला फऱ्याच्या मागे जळजळायला लागेल. नॅपकिन निसटला, धड मागे कलंडलं किंवा मनगट मुडपायला लागलं की वजन जास्त आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला जाणवलं तर थांबून पुन्हा मांडणी करा.

दुसरं, वेळ. बेंचमध्ये गोटी खोबणीत धरून ठेवायचं काम याच छोट्या स्नायूंचं. त्यांना ६० रेपनी दमवून मग जड बारखाली जायचं म्हणजे डगमगणारच. प्रेसच्या आधी हलक्या बँडचा १०-१२ चा एकच सेट, गरम होण्यापुरता. खरं काम प्रेस संपल्यावर.

भीमटोला:
म्हणजे पुल वाढवायचं नाही असं म्हणताय का?

तिरकी_रेघ:
वाढवायचं, भाऊ. १९ ला ७ हे कमीच आहे, तिथे तुमचं बरोबर. पण दुप्पट हा काही नियम नाही, आणि कुठलं पुल तेही बघावं लागतं. पुलअपमध्ये मुख्य काम लॅट्सचं, आणि लॅट्स दंडाला आतल्या बाजूला फिरवतात, छातीसारखंच. नुसत्या पुलअप वाढवून बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंचं काम होत नाही. खांदे मागे खेचून ठेवणं बेंचला ठीक. ओव्हरहेडला फरा वर फिरायलाच हवा, तिथे तो मागे डांबून ठेवलात तर उलट अडेल.

पहाटपाळी, मी तुमचा आठवडा असा करेन. आधी डिप्सचे ३ सेट काढा. आहे त्यावर नवीन काही चढवायचं नाही, जागा करायची. खाली जाताना दंड धडाच्या बराच मागे जातो आणि तुमचं बोचणंही त्याच टोकाला आहे. सोमवारी बेंचनंतर कुशीवरचं २ सेट, १२ ते १५. बुधवारी ओव्हरहेड प्रेसच्या सेटमधल्या विश्रांतीत, इनक्लाइन बाकावर छाती टेकवून डंबेल रो ३ सेट. तिथे छाती टेकवलेलीच बरी, कमरेला ताण नको. शुक्रवारी बेंचनंतर पुन्हा कुशीवरचं २, आणि त्याच बाकावर पालथं पडून हात वायच्या आकारात वर उचलायचे २ सेट, अंगठे छताकडे. त्याला रिकामे हातसुद्धा पुरतात. शनिवारी शेवटी फेस पुल ३ सेट, दोरी कपाळाच्या उंचीला. मागे झुकावं लागलं किंवा खांदे कानाशी आले की प्लेट कमी करा.

दोन्ही सेटना १५ स्वच्छ झाले तरच अर्धा किलो वाढवा. इथे फेल होईपर्यंत जायचं नाही.

सावकाश:
डिप्स काढायला माझा विरोध. मी खांदा कोपराच्या पातळीला आला की थांबतो, सहा वर्षं काही झालं नाही. खोली कमी करून बघा की आधी. आणि बेंचची पकड किती रुंद आहे ते कुणी विचारलंच नाही.

पहाटपाळी:
पकड रुंद आहे, तर्जनी रिंगवर.

तिरकी_रेघ:
हे विचारायचं माझ्याकडून राहिलंच. दोन बोटं आत घ्या आणि कोपरं धडाशी काटकोनात उघडू देऊ नका. डिप्सबद्दल सावकाश यांच्याशी भांडत नाही, काहींना चालतात. पण दुखतंय तोवर एका वेळी जास्त गोष्टी ठेवल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि एक, रात्री त्या कुशीवर झोपता येईनासं झालं, हात उचलताना जोरच लागेना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर हे सगळं सोडून फिजिओ किंवा ऑर्थोपेडिककडे जा.

पहाटपाळी (पाच आठवड्यांनी):
कळवायचं राहिलं होतं. कुशीवर पहिल्या दिवशी २ किलोने उजव्याला ११ झाले, डाव्याला १५. डाव्यापेक्षा उजवा एवढा मागे असेल असं वाटलं नव्हतं. आता उजवा २ किलोला १५, डावा मुद्दाम तिथेच ठेवलाय. बेंचचा पाचवा सेट परत आलाय, डगमग नाही. सोमवारचं बोचणं गेलं. शुक्रवारी शेवटच्या सेटला अजून जरासं येतं. पकडीने फरक पडला की ब्लॉकने, सांगता येत नाही, दोन्ही एकाच आठवड्यात बदलले.

गेल्या शुक्रवारी न राहवून डिप्सचा एक सेट केला, सावकाश म्हणाले तितकाच खोल. तेव्हा काही नाही, शनिवारी सकाळी शर्ट घालताना जाणवलं. अजून चार आठवडे थांबू, की त्याऐवजी क्लोज ग्रिप बेंच टाकू?

सावकाश:
क्लोज ग्रिप.

तिरकी_रेघ:
शुक्रवारचं बोचणं आहे तोवर दोन्ही नको.